डबीच्या मागचं बारीक अक्षर: वास, अल्कोहोल आणि छिद्रं बुजवणारी तेलं कशी ओळखायची

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नणंदेची मुलगी अमळनेरहून जळगावला आमच्याकडे आली, ती तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच. खानदेशात उन्हाळा लागला की स्कूटीवरच्या प्रत्येक पोरीचे फक्त डोळे दिसतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण पंख्याखाली बसून पाणी प्यायली तरी स्कार्फ सोडेना, तेव्हा सासूबाईंनीच तो ओढला आणि म्हणाल्या, "माय वं, काय व्हयनं तोंडले?"

कपाळावर बारीक बारीक दाणे, पापण्या आणि मान लालसर, आणि गालांचं कातडं ताणल्यासारखं. पोरीने पिशवीतून तीन वस्तू काढून माझ्यापुढे मांडल्या: एक जेल सनस्क्रीन, एक गुलाबाचं टोनर आणि एक रात्रीचं क्रीम. "मामी, यातलं नेमकं कोणतं नडतंय ते सांग. तिन्हीवर सेन्सिटिव्ह स्किनसाठी असंच लिहिलंय."

मी चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. डबीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय यावर मी कधीच जात नाही. ती बाजू जाहिरातवाल्यांनी लिहिलेली असते. मागची बाजू नियमानुसार लिहावी लागते. पण मागचं वाचायच्या आधी एक काम असतं, आणि बहुतेक जण तेच विसरतात.

आधी घड्याळ, मग लेबल

मी तिला विचारलं, "लावल्यावर किती वेळाने त्रास होतो?" ती म्हणाली, "कशाचा त्रास? तीन वेगवेगळे त्रास आहेत." हेच मला ऐकायचं होतं.

लावल्या लावल्या, मिनिटाभरात झोंबतं आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबतं, तेव्हा पहिला संशय अल्कोहोलसारख्या चरचरीत पदार्थावर घ्यायचा. लावताना काहीच वाटत नाही, पण एक-दोन दिवसांनी खाज सुटते, लाली येते, पापण्या सुजतात, मानेवर चट्टे येतात, तर ती बहुधा ॲलर्जी असते आणि तिथे सुगंधी द्रव्यं पहिल्या रांगेत असतात. ना झोंबतं, ना खाजतं, पण तीन-चार आठवड्यांनी कपाळावर, हनुवटीवर कातडीच्याच रंगाचे दाणे हाताला लागायला लागतात, तेव्हा छिद्रं बुजवणारे तेलकट पदार्थ शोधायचे.

हे वेळेचं गणित डोक्यात नसेल तर यादी वाचून फक्त गोंधळ वाढतो. प्रत्येक क्रीममध्ये काही ना काही 'वाईट' सापडतंच, आणि माणूस सगळंच फेकून देतो किंवा काहीच फेकत नाही. भाचीला तिन्ही त्रास होते आणि वस्तूही तीन होत्या. तरी एक त्रास म्हणजे एक डबी अशी सरळ जोडी लागेलच असं नसतं. तिच्या बाबतीतही ती लागली नाही.

यादी कुठे असते आणि कुठे नसते

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची पूर्ण यादी छापणं बंधनकारक आहे आणि तिच्या आधी 'इन्ग्रेडियंट्स' हा शब्द लागतो. पण या नियमात एक पळवाट आहे, ती माहीत असू द्या. पातळ वस्तू 60 मिलीपेक्षा कमी असेल किंवा क्रीमसारखी घट्ट वस्तू 30 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर यादी छापली नाही तरी चालतं. बसस्टँडजवळच्या टपरीवर टांगलेल्या दहा रुपयांच्या पाउचवर आणि छोट्या ट्यूबवर म्हणूनच बऱ्याचदा काही सापडत नाही. संवेदनशील त्वचेच्या माणसाने 'आधी छोटं पॅक वापरून बघू' म्हणणं शहाणपणाचं वाटतं, पण नेमकं त्याच पॅकवर वाचायला काही नसतं. अशा वेळी दुकानात त्याच वस्तूचा मोठा पॅक मागून घ्यावा, यादीचा फोटो काढावा आणि मग छोटा पॅक विकत घ्यावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

बऱ्याच वस्तूंची यादी ट्यूबवर नसून खोक्यावर असते, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी कचऱ्यात जातं ते खोकंच. भाचीचंही तसंच झालं होतं. सनस्क्रीनचं खोकं तिने टाकलं होतं, म्हणून मी दुकानातल्या त्याच सनस्क्रीनच्या दुसऱ्या पॅकवरून वाचलं. किमतीचं स्टिकर कधी कधी बरोबर यादीवरच चिकटवलेलं असतं. ते नखाने उचकटा. अक्षर मुंगीएवढं असतं, तेव्हा डोळे ताणण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करा.

ऑनलाइन घेताना तर हमखास फसगत होते. तिथे 'की इन्ग्रेडियंट्स' म्हणून कोरफड, हळद, व्हिटॅमिन ई अशी चार गोड नावं दिलेली असतात. ती पूर्ण यादी नव्हे. पॅकच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तरच पुढे जा. आयुर्वेदिक परवान्याच्या क्रीमवर 'प्रत्येक 10 ग्रॅममध्ये अमुक इतकं' असं वनस्पतींचं मोजमाप असतं आणि शेवटी 'क्रीम बेस, क्यू.एस.' असं येतं. क्यू.एस. म्हणजे लागेल तेवढं. म्हणजे डबीतला बहुतेक माल तोच, आणि त्यात कोणतं तेल, कोणता वास, हे गुलदस्त्यात. वनस्पती कितीही चांगल्या असोत, त्वचा नाजूक असेल तर असं लेबल माझ्या दृष्टीने कोरंच.

आणि ट्यूबवर 'इन्ग्रेडियंट्स'ऐवजी 'कंपोझिशन' लिहून पुढे टक्केवारीसह नावं असतील, बाजूला उभी लाल पट्टी असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नाहीच, औषध आहे. गोरं होण्यासाठी म्हणून मैत्रिणीने दिलेल्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. ते लेख वाचून बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. अशा चेहऱ्याला साधं पाणीही झोंबतं आणि मग दोष बिचाऱ्या सनस्क्रीनला लागतो.

उतरंड आणि एक टक्क्याची रेघ

यादीतली नावं उतरत्या क्रमाने असतात. जे सगळ्यात जास्त ते आधी, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिलं नाव 'ॲक्वा' किंवा 'वॉटर', म्हणजे पाणी. हा क्रम मात्र शेवटपर्यंत टिकत नाही. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक एकापाठोपाठ कसेही लिहायला परवानगी आहे. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ असते. तिच्या वर क्रमाला अर्थ आहे, तिच्या खाली नाही.

ती रेघ कुठे आहे हे कंपनी सांगत नाही, पण अंदाज बांधता येतो. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं परिरक्षक शोधा. ते 1 टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. ते दिसलं की समजायचं, रेघ इथे किंवा याच्या थोडी वरच आहे. ते नसेल तर कार्बोमर, झँथन गम, डायसोडियम ईडीटीए यांपैकी काही सापडतं का पाहा. हेही साधारण त्याच पातळीतले पदार्थ. मी पेनने त्या नावावर खरोखरची आडवी रेघ मारते. भाचीलाही खोक्यांवर आणि फोटोंच्या प्रिंटवर तशाच मारायला लावल्या.

अल्कोहोल आणि तेल यांच्या बाबतीत ते रेघेच्या वर आहे की खाली, यावर सगळं अवलंबून असतं. सुगंधाच्या बाबतीत मात्र रेघेचा काहीच उपयोग नाही. भरीत करताना किलोभर वांगी आणि दहा-बारा मिरच्या लागतात, पण तोंड आलेल्या माणसाला वांगं कळतच नाही, मिरचीच कळते. ॲलर्जी झालेल्या कातडीचं तसंच आहे.

अल्कोहोल: नाव एक, घराणी तीन

तिचं सनस्क्रीन असं होतं: ॲक्वा, अल्कोहोल डीनॅट, मग ऊन रोखणाऱ्या पदार्थांची दोन-तीन लांबलचक नावं, ग्लिसरीन, सीटेअरिल अल्कोहोल, त्यानंतर फेनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर आणि शेवटी पार्फम.

भाचीने दोन्ही 'अल्कोहोल'वर लाल गोल केले. त्यातला एक बरोबर होता.

नुसतं 'अल्कोहोल', 'अल्कोहोल डीनॅट', 'इथेनॉल', 'एसडी अल्कोहोल' आणि पुढे आकडा, किंवा 'आयसोप्रोपिल अल्कोहोल' ही उडून जाणारी अल्कोहोलं आहेत. सॅनिटायझर हातावर कसं थंड लागून उडतं, तसंच. कंपन्या ते घालतात त्यालाही कारण आहे. जेल पटकन वाळतं, चिकचिकत नाही आणि आमच्याकडच्या 44-45 अंशांत लोकांना तेच हवं असतं. पण कातडीचा वरचा थर आधीच फाटलेला असेल तर ते झोंबतं आणि रोज लावल्याने कोरडेपणा वाढतो.

सीटिल, स्टीअरिल, सीटेअरिल आणि बेहेनिल अल्कोहोल हे दुसरं घराणं. ही मेणासारखी पांढरी, घट्ट द्रव्यं असतात. क्रीमला दाटपणा आणतात, उलट त्वचा मऊ ठेवतात. 'अल्कोहोल फ्री' लिहिलेल्या डबीतही ती असतात आणि त्यात खोटेपणा नाही. क्वचित कुणाला त्यांचीही ॲलर्जी असते, पण नावात अल्कोहोल आहे एवढ्यासाठी चांगलं मॉइश्चरायझर परत आणून देणाऱ्या बायका मी महिन्याला दोन-तीन तरी बघते.

तिसरं घराणं एकट्या बेन्झिल अल्कोहोलचं धरा. ते परिरक्षक म्हणून घालतात, पण ते सुगंधी द्रव्यातही मोडतं आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. झोंबण्याचा त्रास असेल तर याच्याकडे दुर्लक्ष करा, खाजेचा असेल तर करू नका.

आता जागा पाहा. अल्कोहोल डीनॅट दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे पाण्याखालोखाल तेच. लावताच झोंबण्याचा हिशेब इथे लागतो. तेच नाव फेनॉक्सीइथेनॉलच्या खाली असतं, तर ते एखाद्या वनस्पतीच्या अर्काबरोबर आलेलं चिमूटभर असतं आणि मी त्यावर बोट ठेवलं नसतं. एक खबरदारी मात्र सांगते. सनस्क्रीनमधले काही ऊनरोधक पदार्थ स्वतःच डोळ्यांभोवती झोंबतात, विशेषतः घामाबरोबर वाहून डोळ्यांत गेले की. त्यामुळे गालावर झोंबतंय की फक्त डोळ्यांत, हे विचारावं लागतं. भाचीच्या गालांवर झोंबत होतं, लावल्या क्षणी, घाम यायच्या आधीच.

सुगंध: 'पार्फम'च्या पलीकडे

सुगंधासाठी यादीत चार शब्द येतात: पार्फम, फ्रॅग्रन्स, परफ्यूम आणि कधी कधी अरोमा. यांतला कोणताही एक शब्द म्हणजे एक पदार्थ नव्हे. त्या एका शब्दाखाली कित्येक वेगवेगळी द्रव्यं एकत्र असू शकतात आणि ती सगळी उघड करायची सक्ती नसते, कारण वासाचं मिश्रण हे गुपित मानलं जातं. हा शब्द दिसला आणि तुमचा त्रास दोन दिवसांनी खाजणारा असेल, तर ती वस्तू बाजूला ठेवा. तो यादीत शेवटी असला तरी ठेवा.

दुसरा गट पकडायला थोडा सराव लागतो. युरोपात 2005 पासून 26 सुगंधी द्रव्यं स्वतंत्र नावाने छापावी लागतात आणि 2023 मध्ये ती यादी आणखी लांबवली गेली. चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यांचं प्रमाण 0.001 टक्क्याच्या वर गेलं की नाव लिहायचं. 50 ग्रॅमच्या डबीत याचा अर्थ अर्धा मिलिग्रॅम. एवढ्याशाला का मोजतात, याचं उत्तर मिरचीत येऊन गेलंच. बऱ्याच कंपन्या तोच मजकूर आपल्याकडच्या पॅकवरही छापतात, म्हणून ही नावं ओळखायला शिका. सगळ्यात जास्त भेटतात ती लिनालूल आणि लिमोनीन. मग जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, सिट्रल, युजेनॉल, कुमारिन. ही बहुधा यादीच्या अगदी शेवटच्या ओळीत, पार्फमच्या मागोमाग येतात. ती दिसली नाहीत आणि नुसतं पार्फम दिसलं, तर ती त्यात नाहीत असं मात्र समजू नका.

तिसरा गट सर्वांत फसवा, कारण तो 'नैसर्गिक' असतो. भाचीच्या टोनरवर पार्फम शब्द कुठेच नव्हता. पुढे मोठ्या अक्षरांत 'नो आर्टिफिशियल फ्रॅग्रन्स' होतं. मागे होतं: रोझा डॅमासीना फ्लॉवर वॉटर, ग्लिसरीन, पॉलिसॉर्बेट 20, फेनॉक्सीइथेनॉल, पेलार्गोनियम ग्रेव्हिओलेन्स ऑइल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल. लॅटिन नावामुळे ते शास्त्रीय आणि निरुपद्रवी वाटतं. पण पेलार्गोनियम म्हणजे जिरॅनियमचं सुगंधी तेल आणि त्यातच सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल भरपूर असतात. झाडातून आलं की बाटलीतून आलं, कातडीला रेणू तोच कळतो. लॅव्हेंडुला, सिट्रस, मेंथा, मेलाल्युका, सँटलम यांच्या पुढे 'ऑइल' हा शब्द असेल तर सुगंधच समजा: लॅव्हेंडर, लिंबू-संत्रं, पुदिना, टी ट्री, चंदन. आणि पॉलिसॉर्बेट 20 कशाला आहे? पाण्यात तेल विरघळवायला. पाण्यासारख्या पातळ टोनरमध्ये ते दिसलं की यात कुठेतरी तेल आहे हे ओळखायचं. ही खूण मला फार कामाला येते.

पोरीचा पहिला प्रश्न: "पण मामी, ही बाटली गेल्या उन्हाळ्यात तर सोसायची." हे मी काउंटरवर नेहमी ऐकते, आणि त्याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. कातडी आधी त्या द्रव्याला ओळखायला शिकते, त्याला महिने, कधी वर्षं लागतात, आणि एकदा ओळख झाली की ती सहसा जात नाही. दुसरं असं की लिनालूल आणि लिमोनीन ताजी असताना फारशी त्रासदायक नसतात. हवेशी संपर्क येऊन त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात, आणि ॲलर्जी करणारी खरी तीच. उष्णतेने हे काम लवकर होतं. तिची बाटली कुठे असायची? स्कूटीच्या डिकीत, झाकण अर्धवट लावलेली. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात डिकीच्या आत हात घालून बघा, मग कळेल.

'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स फ्री' हे दोन शब्द एकच समजू नका. पहिल्याचा अर्थ एवढाच की वास येत नाही. घटकांचा मूळ वास झाकण्यासाठी त्यात थोडा सुगंध घातलेला असू शकतो. दुसऱ्यात सुगंध नसावा, तरीही यादी वाचून खात्री करा.

छिद्रं बुजवणारे पदार्थ आणि त्या प्रसिद्ध गुणांची गोष्ट

रात्रीचं क्रीम: ॲक्वा, मिनरल ऑइल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट, ग्लिसरिल स्टीअरेट, कोकोस न्यूसिफेरा ऑइल, सीटेअरिल अल्कोहोल, थिओब्रोमा कॅकाओ सीड बटर, फेनॉक्सीइथेनॉल, पार्फम, लिनालूल.

इंटरनेटवर प्रत्येक पदार्थाला 0 ते 5 गुण दिलेले तक्ते फिरतात. 5 म्हणजे हमखास मुरूम. हे गुण मुख्यतः सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आले. सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांवर 1972 मध्ये क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी लिहिलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. अडचण अशी की सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बुजतो, आणि पदार्थ बऱ्याचदा क्रीममध्ये असतो त्यापेक्षा कितीतरी दाट लावला जायचा. 2006 मध्ये ड्रेलॉस आणि डिनार्डो यांनी अशा पदार्थांपासून बनलेल्या तयार वस्तू माणसांच्या पाठीवर तपासल्या, तेव्हा त्या वस्तूंनी छिद्रं बुजलीच असं दिसलं नाही. म्हणजे तक्त्यातलं नाव यादीत आढळलं की वस्तू वाईट, हा हिशेब चुकीचा. आणि छिद्रं बुजवत नाही असं सांगणाऱ्या 'नॉन कॉमेडोजेनिक' शिक्क्यामागेही ठरलेली सक्तीची चाचणी नसते, तेव्हा तोही डोळे झाकून धरू नका.

मग तक्ता फेकून द्यायचा का? मी फेकत नाही, पण तीन अटी लावते. नाव रेघेच्या वर, पहिल्या पाच-सहांत असावं. वस्तू धुऊन टाकायची नसून चेहऱ्यावर राहणारी असावी. आणि दाणे नेमके तिथेच यावेत जिथे ती लागते. या क्रीमला तिन्ही अटी लागू होत्या. आयसोप्रोपिल मिरिस्टेट तिसऱ्या जागी, खोबरेल पाचव्या जागी, कोको बटर सातव्या जागी. पहिली दोन तर पहिल्या पाचांतच होती. मिनरल ऑइलचं नाव ऐकून लोक दचकतात, पण सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचं मिनरल ऑइल सहसा छिद्रं बुजवत नाही. ते मी सोडून दिलं. सापडण्यासारखी आणखी नावं म्हणजे आयसोप्रोपिल पाल्मिटेट, मिरिस्टिल मिरिस्टेट आणि लॉरेथ-4. एवढ्यांवर बरंच काम भागतं.

जुळी नावं इथेही फसवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल उडून जातं, आयसोप्रोपिल मिरिस्टेट कातडीवर राहतं. पहिला शब्द सारखा, स्वभाव उलटा. लॉरेथ-4 आणि फेसवॉशमधलं सोडियम लॉरेथ सल्फेट वेगळे. आणि 'कोको' ने सुरू होणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन हे नारळापासून निघालेलं फेस करणारं द्रव्य आहे, खोबरेल नव्हे.

पण क्रीमला दोष देण्याआधी मी तिच्या कपाळाकडे नीट पाहिलं. दाणे केसांच्या रेषेला लागून दाट आणि भुवयांकडे विरळ होते. क्रीम सगळ्या कपाळावर लागतं, मग वरच्या बाजूलाच गर्दी का? कारण सासूबाईंनी नातीला शिकवलेलं रोजचं खोबरेल, आणि वरून दिवसभर घट्ट बांधलेला स्कार्फ. तेल घामाबरोबर खाली उतरतं आणि कपडा ते कातडीवर दाबून धरतो. यादी कितीही नीट वाचली तरी हे लेबलवर सापडत नाही.

कोपराच्या वळणावरची परीक्षा

आता खातरजमा. तिन्ही वस्तू पंधरा दिवस बंद ठेवल्या. तेवढ्या काळात बिनसुगंधाचा सौम्य क्लिन्झर आणि बिनसुगंधाचं साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नाही. उन्हासाठी स्कार्फ होताच, फक्त तो रोज धुतलेला, सुती आणि सैल बांधलेला. धुताना वासाचं फॅब्रिक कंडिशनर बंद, नाहीतर तोच सुगंध दिवसभर गालाला घासत राहतो.

चेहरा शांत झाल्यावर एकेक वस्तू कोपराच्या आतल्या वळणावर, दोन-तीन बोटं रुंद जागेत, सकाळ-संध्याकाळ लावायची. धुवायची नाही. रोज त्याच जागी, दहा ते चौदा दिवस. खाज, लाली, पुरळ आलं की तिथेच थांबायचं आणि वस्तूला नापास करायचं. एका वेळी एकच वस्तू. दोन वस्तू दोन हातांवर लावून वेळ वाचवायचा मोह होतो, पण पुरळ पसरलं तर कुणाचं ते कळत नाही. चेहरा अजून सुजलेला असताना, किंवा आधी एखाद्या वस्तूने ओठ-डोळे सुजून श्वासाला त्रास झाला असेल तर हे घरी करायचं नाही.

टोनरने पाचव्या दिवशी निकाल दिला, वळणावर लाल खाजरा चट्टा. सनस्क्रीन चौदा दिवस लावूनही काही उमटलं नाही. झोंबणं हे ॲलर्जी नव्हे, ते चेहऱ्याच्या फाटलेल्या कातडीचं होतं, हाताच्या धडधाकट कातडीला ते जाणवलंच नाही. क्रीममध्ये पार्फम आणि लिनालूल असूनही हातावर चट्टा आला नाही, म्हणजे तिला नडणारी द्रव्यं बहुधा टोनरमधलीच. पण या परीक्षेची एक मर्यादा लक्षात ठेवा: छिद्रं बुजतात की नाही हे हातावर कळत नाही. तिथे चेहऱ्यासारख्या तेलग्रंथी नसतात. म्हणून क्रीमसाठी वेगळा मार्ग होता. क्रीम आणि कपाळाजवळचं तेल, दोन्ही थांबवून दीड-दोन महिने थांबायचं, कारण आधीच बुजलेली छिद्रं मोकळी व्हायला तेवढा वेळ लागतो. आठवड्याला एक फोटो, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी. रोज आरशात बघितलं तर फरक दिसत नाही.

इतकं करूनही खाज परत परत येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. त्यात सुगंधाच्या मिश्रणांच्या आणि इतर नेहमीच्या ॲलर्जीकारक द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नंतर पुन्हा तपासतात. त्यातून नेमकं नाव हाती आलं की यादी वाचणं खूप सोपं होतं, कारण मग एकच शब्द शोधायचा असतो.

जूनअखेर पाऊस सुरू झाला तोपर्यंत भाचीच्या कपाळावरचे दाणे बरेच विरळ झाले होते. टोनर गेलं. सनस्क्रीन बदलून क्रीमच्या स्वरूपातलं घेतलं, ज्यात अल्कोहोल डीनॅट नव्हतं आणि सीटेअरिल अल्कोहोल होतं. ती नाराज होती, चेहरा पांढरट दिसतो म्हणून, पण झोंबत नव्हतं. आता ती कुठलीही डबी घ्यायच्या आधी मला मागच्या बाजूचा फोटो पाठवते, फेनॉक्सीइथेनॉलवर स्वतः रेघ मारून.

गेल्या आठवड्यात आली तेव्हा आजीचा पावडरचा डबाही तिने उलटा केला. मोठ्याने वाचलं, "टाल्क, परफ्यूम." सासूबाईंनी डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "मी त वासकरताच लावस."